दोर नसलेली विहीर

आम्ही इंग्रजी साहित्य शिकवतो, निदान वेळापत्रकात तसे लिहिलेले असते. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, कला शाखेच्या महाविद्यालयात, आम्ही वर्षानुवर्षे इंग्रजी कवितेचा अर्थ मराठीत सांगत आलो आणि विद्यार्थी त्याचे इंग्रजी उत्तर गाईडातून पाठ करत आले. या व्यवहारात दोन्ही बाजूंची सोय होती. ती सोय मोडली २०१२ साली. महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तेव्हा पहिलीत बसलेली मुले बारा वर्षांनी आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात आली. आधीच्या तुकड्या पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या असत. ही मुले त्यांच्यापेक्षा चार वर्षे अधिक शिकून आली होती. त्यामुळे शनिवारच्या जादा तासाला आम्ही मोठ्या उमेदीने आठवडी बाजाराचे एक चित्र भिंतीला लावले आणि इंग्रजीत विचारले, ‘चित्रात काय काय दिसते?’

वर्गात चौतीस जण होते. कोणीही बोलले नाही. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून एक मुलगा हळूच म्हणाला, ‘बाजार.’ उत्तर अचूक होते, फक्त मराठीत होते.

पहिल्या क्षणी आम्हांला वाटले, यांना काहीच येत नाही. मग आम्ही त्यांना चित्रातल्या वस्तूंची इंग्रजी नावे वहीत लिहायला सांगितली. बहुतेकांनी दहा-बारा शब्द लिहिले: माणूस, गाय, झाड, टोपली, छत्री, दुकान. म्हणजे शब्द होते, वाक्य नव्हते. अधिक नेमके म्हणायचे तर, आपण होऊन एखादे इंग्रजी वाक्य बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर बारा वर्षांत आलाच नव्हता. प्रश्न पुस्तकातला, उत्तरही पुस्तकातले. घरी इंग्रजी नाही, एसटी स्टँडवर नाही, बाजारात तर नाहीच. हातात विटा होत्या, पण भिंत कधी रचलेली नव्हती.

म्हणून आम्ही वाक्यांच्या चौकटी करायचे ठरवले. चौकट म्हणजे अर्धे वाक्य तयार देऊन उरलेली जागा मोकळी सोडणे. मोकळ्या जागेत विद्यार्थ्याने आपला शब्द घालायचा. कल्पना नवी नाही. हॅरॉल्ड पामर या इंग्रज भाषाशिक्षकाने १९१६ मध्येच अदलाबदलीच्या शंभर तक्त्यांचे पुस्तक काढले होते. नवे काही असेल तर ते एवढेच, की माणदेशी मराठी बोलणाऱ्या मुलांना कोणती चौकट आधी द्यायची आणि कोणती नंतर, हे आम्हांला चुका करत शिकावे लागले. त्याच चुका येथे सांगायच्या आहेत.

चित्रवर्णनाची पाठ्यपुस्तके सहसा ‘देअर इज’ पासून सुरू होतात. आम्हीही तेथूनच सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी अडकलो. मुलांनी ‘देअर’ चा अर्थ ‘तिथे’ असा घेतला आणि बोटाने चित्राकडे दाखवू लागली. त्या ‘देअर’ ला काही अर्थच नाही, तो नुसता कर्त्याची जागा अडवून बसलेला आहे, हे मराठी माणसाला पटणे अवघड. आपल्याकडे असा रिकामा शब्द वाक्याच्या आरंभी बसवत नाहीत. शिवाय ‘इज’ की ‘आर’ हा निर्णय तोंड उघडण्याआधीच घ्यावा लागतो, आणि ज्याला मुळात तोंड उघडायचीच भीती आहे तो त्या उंबरठ्यावर थबकतो.

आम्ही ती चौकट मागे घेतली आणि ‘आय कॅन सी’ ही पहिली केली. तिच्यात कर्ता बोलणारा स्वतःच आहे, क्रियापद कधीच बदलत नाही, वस्तू एक असो की दहा असोत. विद्यार्थ्याने शेवटी फक्त नाम ठेवायचे. ‘आय कॅन सी अ काउ.’ ‘आय कॅन सी बास्केट्स.’ एकच अट घातली: आधीच्याने सांगितलेली वस्तू पुन्हा सांगायची नाही. पहिल्या दहा जणांना गाय, झाड, माणूस मिळाले. विसाव्यापर्यंत पोहोचेतो ठळक वस्तू संपल्या आणि मुले बाकावरून उठून चित्राजवळ येऊ लागली. कोणी तागडीची दांडी पाहिली, कोणी बैलाच्या शिंगाचा गोंडा. शब्द माहीत नसेल तर मराठीत विचारायची मुभा होती. चौतिसाव्या मुलीने ‘आय कॅन सी शॅडो’ असे म्हटले. ती सावली त्या दिवसापर्यंत आम्हीही पाहिली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात ‘देअर इज’ परत आणले, पण उलटे करून. मराठी माणूस आधी जागा सांगतो, मग वस्तू, शेवटी ‘आहे’: ‘छपरावर मांजर आहे.’ मुलेही तसेच बोलत: ‘रूफ ऑन वन कॅट इज.’ हे इंग्रजी शब्दांत बोललेले शुद्ध मराठी आहे. ‘वर’ हा नामाच्या मागे लागतो म्हणून ‘ऑन’ मागे गेला, आणि ‘एक’ साठी ‘वन’ आला. आम्ही विचार केला, आधी जागा सांगायची ही सवय मोडायची कशाला? इंग्रजीलाही ती चालते. म्हणून चौकट अशी लिहिली: ‘ऑन द ___ देअर इज अ ___.’ ‘ऑन’ आधीच छापलेला, ‘अ’ आधीच छापलेला, आणि विचाराचा क्रम मात्र मुलाचाच. ‘ऑन द रूफ देअर इज अ कॅट.’ एका तासात सगळा वर्ग बोलता झाला. चौकटीने मुलाचा क्रम सांभाळला की मूल चौकटीचे व्याकरण बिनतक्रार उचलते, हे आम्ही तेव्हा शिकलो.

तिसरी चौकट चालू क्रियेची होती: ‘द ___ इज ___इंग.’ येथे अडचण निराळी. ‘बाई पाणी शेंदत आहे’ हे पुस्तकातले मराठी. आमची मुले बोलतात ‘शेंदतीया’. त्यात ‘आहे’ क्रियापदात असे विरघळले आहे की ते वेगळे ऐकूच येत नाही. म्हणून इंग्रजीत ‘इज’ गळतो: ‘वुमन टेकिंग वॉटर.’ तो आठवणीने घालायला लावला की दुसऱ्या टोकाला ‘शी इज गो’ सुरू होते. यावर आम्हांला फार मोठा उपाय सापडला नाही. ‘इज’ आणि पुढचे क्रियापद एका श्वासात म्हणवून घ्यायचे, एवढेच. मधे जर विद्यार्थी थांबला, तर समजावे की ते दोन तुकडे अजून सांधलेले नाहीत.

याच वेळी एक गमतीचा प्रसंग घडला. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईसाठी आम्ही ‘द वुमन इज ड्रॉइंग वॉटर’ असे वाक्य दिले आणि वर्ग हसू लागला. ‘ड्रॉइंग’ म्हणजे चित्रकला, एवढेच त्यांना ठाऊक. बाई विहिरीवर बसून पाण्याचे चित्र काढते आहे असे त्यांना दिसले. आम्ही विचारले, ‘आपण मराठीत पाण्याचं काय करतो?’ ‘काढतो.’ ‘आणि चित्राचं?’ क्षणभर शांतता, आणि मग पुन्हा हशा. दोन भाषांना एकाच क्रियापदाने दोन्ही कामे करावीशी वाटली, हा योगायोग त्यांना इतका आवडला की तो शब्द पुन्हा शिकवावा लागला नाही.

सत्राच्या शेवटी आमचा वर्ग बोलत होता. भिंतीवरच्या बाजाराच्या चित्राचे सात-आठ वाक्यांत वर्णन करता येत नाही असा विद्यार्थी उरला नव्हता. तिसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी तर अस्खलित बोलू लागली होती. रोज पहाटेच्या एसटीने दोन तास प्रवास करून येणारी, पहिल्या दिवशी नाव सांगतानाही ओठ न हलवणारी ही मुलगी आता एकदाही न अडखळता आठ वाक्ये म्हणत असे. आम्ही तिला इतर वर्गांत नेऊन बोलायला लावले. ती आमच्या पद्धतीचा पुरावा होती.

मग तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक आले, आणि त्यांनी आपल्याबरोबर आपले चित्र आणले. चित्र रेल्वेच्या फलाटाचे होते: गाडी, हमाल, सामान, बाकावर झोपलेला एक माणूस. आमची मुलगी आत गेली. तिने चित्र हातात घेतले, मान वर केली आणि सुरुवात केली: ‘इन द पिक्चर देअर आर मेनी पीपल. अ वुमन इज सेलिंग ब्रिंजल्स. अंडर द ट्री देअर इज अ बुल.’ परीक्षकांनी चश्मा लावून फलाटावर वांगी आणि बैल शोधले. ती थांबली नाही. आठही वाक्ये पुरी करून ‘थँक यू सर’ म्हणाली.

परीक्षकांनी तिला दहापैकी सहा गुण दिले आणि आम्हांला म्हणाले, ‘वाक्यरचना उत्तम आहे.’ ते खरेच होते, आणि तीच आमची शिक्षा होती. व्हरांड्यात ती आमची वाट पाहत उभी होती. चेहरा पडलेला. म्हणाली, ‘सर, आपलं चित्र आलंच न्हाई.’

त्या वाक्यात तक्रार नव्हती. आपण कोठे फसलो हे तिला आमच्याआधी कळले होते. आम्ही तिला चित्राचे वर्णन शिकवलेच नव्हते. आम्ही तिला एक निबंध पाठ करायला दिला होता, फक्त तो भिंतीवर टांगलेला होता. गाईडातून कवितेचा अर्थ पाठ करणाऱ्या मुलांना आम्ही नावे ठेवत होतो, आणि चौकटींच्या नावाखाली तेच करून मोकळे झालो होतो.

मागाहून विचार करताना लक्षात आले की खूण पहिल्यापासून समोर होती. जो खरोखर चित्र पाहून बोलतो तो अडखळतो, आणि अडखळतो तेही ठराविक जागी: नामाच्या आधी. ‘अंडर द ट्री देअर इज अ...’ येथे त्याची नजर चित्राकडे जाते, शब्द शोधते, परत येते. पाठ केलेले म्हणणारा तेथे थांबत नाही. तो श्वास संपतो तेथे थांबतो, आणि त्याची नजर चित्रावर नसून समोरच्या भिंतीवर असते. तिच्या न अडखळण्याला आम्ही प्रगती समजलो. वास्तविक ज्या दिवशी ती अडखळायची थांबली, त्या दिवशीच तिचे पाहणे थांबले होते.

दुसरी चूक याहून मूळची होती. भिंतीवरचे चित्र वर्गातल्या सर्वांनाच दिसते. ‘झाडाखाली शेळी आहे’ हे ज्याला दिसतेच आहे त्याला ते सांगायचे कशाला? बोलण्याचे कारणच नसेल तर उरते ते फक्त म्हणणे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये केलेला बंगळूर प्रकल्प आम्ही एम. ए. ला परीक्षेपुरता वाचला होता. व्याकरण बाजूला ठेवून मुलांपुढे सोडवायला काही काम ठेवावे, हा त्याचा गाभा. एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी माहितीची दरी हा अशा कामाचा एक प्रकार. ती दरी आमच्या वर्गात कोठे नव्हतीच.

पुढच्या वर्षी चित्र भिंतीवरून उतरले. आम्ही पोस्टकार्डाएवढी वीस-पंचवीस चित्रे जमवली: जुन्या दिनदर्शिकांतली, वर्तमानपत्रांतली. शेजारच्या हायस्कुलातल्या चित्रकलेच्या सरांनीही काही काढून दिली. दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाच्या हातात चित्र. दुसरा पाठ करून बसलेला, त्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने सांगायचे, दुसऱ्याने ऐकून काढायचे. चौकटी यावेळी ऐकणाऱ्यालाही दिल्या: ‘व्हेअर इज द ___?’ ‘इज देअर अ ___?’ ऐकणारा प्रश्न विचारू लागला की सांगणाऱ्याला पाठांतर पुरत नाही. त्याला चित्राकडे पाहावेच लागते.

आमची अपेक्षा अशी होती की चुकीचे वाक्य चुकीचे चित्र काढवील आणि चूक आपोआप दिसेल. तसे झाले नाही. एक मुलगा म्हणाला, ‘ट्री अंडर गोट.’ त्याच्या जोडीदाराने निमूटपणे झाडाखाली शेळी काढली. त्याने इंग्रजी ऐकलेच नव्हते. त्याने त्यामागचे ‘झाडाखाली शेळी’ ऐकले होते. दोघांची मातृभाषा एक असली की मराठी वळणाचे इंग्रजी उत्तम चालते, आणि चूक कोणालाच टोचत नाही. जोडीच्या खेळाची ही मर्यादा आम्हांला वर्गातच कळली.

म्हणून प्रत्येक तासाच्या शेवटी पंधरा मिनिटे आम्ही स्वतः ऐकणारे झालो. खडू घेऊन फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि जे वाक्य ऐकू येईल त्याचा इंग्रजीत जो अर्थ होईल तोच, शब्दाला शब्द, काढायचा. ‘ट्री अंडर गोट’ ऐकल्यावर आम्ही एक शेळी काढली, आणि तिच्या पायांखाली एक भलेमोठे झाड. वर्गात गोंधळ उडाला. ‘नो सर! नो सर!’ ‘देन व्हॉट?’ आम्ही वळून न पाहता विचारले. चार-पाच आवाज एकदम आले: ‘गोट अंडर ट्री!’ मग एक आवाज वेगळा, सावकाश: ‘द गोट इज अंडर द ट्री.’ ‘नाही, चुकलं’ असे आम्हांला म्हणावे लागले नाही. ते फळ्यावर दिसत होते.

चौकटी काढून घेण्याचेही एक तंत्र बसले. एकदम काढल्या तर वर्ग पहिल्या दिवसासारखा गप्प होतो. कायम ठेवल्या तर फलाटावर वांगी विकली जातात. आम्ही त्या शेपटीकडून पुसत गेलो. आधी पूर्ण चौकट, मग पहिले तीन शब्द, मग फक्त ‘ऑन द’, आणि शेवटी कोरा फळा. प्रत्येक टप्प्याला साधारण दोन आठवडे लागत. आणि प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजायचे, त्याआधी स्वतः तोंड उघडायचे नाही. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात दाखवले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब नि अधिक विचारपूर्वक येतात. तिचे वर्ग विज्ञानाचे होते. परक्या भाषेत आम्हांला पाचही कमी पडत. वर्गातल्या शांततेला शिक्षकच अधिक घाबरतो, हे तेव्हा कळले.

ती मुलगी आता द्वितीय वर्षात होती. शनिवारच्या तासाला तिने येण्याचे कारण नव्हते. पण परतीची एसटी उशिरा असे, म्हणून ती मागे येऊन बसू लागली. बोलत मात्र नसे. परीक्षेच्या दिवसापासून तिने इंग्रजीत तोंड उघडले नव्हते, आणि उघड असे म्हणण्याचा धीर आम्हांला झाला नव्हता.

डिसेंबरातल्या एका शनिवारी चित्रकलेच्या सरांनी काढून दिलेले विहिरीचे चित्र आम्ही सर्वांना दाखवले. फळा कोरा होता. विहीर, काठावर बाई, तिच्या हातात घागर, शेजारी झाड. पाच-सहा जणांनी वाक्ये सांगितली. एकाने मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले, ‘द वुमन इज ड्रॉइंग वॉटर.’ आम्ही मान डोलावली आणि पुढे जाणार, तोच मागून आवाज आला.

‘नो सर.’

आम्ही वळलो. ती उभी होती. चित्राकडे पाहत होती, आमच्याकडे नाही. आम्ही मोजू लागलो. पाचापर्यंत मोजून झाले, पुन्हा एकपासून मोजले. ती म्हणाली, ‘नो... नो रोप. हाऊ शी टेक वॉटर?’

आम्ही चित्र जवळ घेऊन पाहिले. खरेच, सर दोर काढायला विसरले होते. रहाट नव्हता, पोहरा नव्हता, दोर नव्हता. चित्र वर्गात दोनदा येऊन गेले होते, आणि त्या बाईला पाणी शेंदायला लावणारी निर्दोष वाक्ये आम्ही मान डोलावून स्वीकारली होती. ते दोर नसणे दिसले ते जिने स्वतः पाणी शेंदले आहे तिला.

तिच्या वाक्यात क्रियापदाचे रूप चुकले होते, ‘डझ’ गळाला होता, पहिला अर्धा भाग वाक्यच नव्हता. यातली कोणतीही चौकट आम्ही तिला दिलेली नव्हती. लाल शाईची सवय असलेली आमची जीभ हलली होती. कशी कोण जाणे, आवरली. आम्ही फक्त तिचेच म्हणणे परत म्हटले, ‘येस. देअर इज नो रोप. हाऊ डझ शी टेक वॉटर?’ आणि सगळ्या वर्गाकडे पाहिले.

वर्ग चित्राकडे पाहू लागला. कोणी म्हणाले, दोर विहिरीत पडला. कोणी म्हणाले, बाई रिकामी घागर घेऊन परत जाते आहे. आमच्या भागात उन्हाळ्यात हे दृश्य नवे नाही. एकाने सरळ सांगितले, ‘नो वॉटर इन वेल सर, सो नो रोप.’ त्या दिवशीची पाऊण वाक्ये चुकीची होती आणि एकही पाठ केलेले नव्हते. ती मुलगी बसली नव्हती. थोड्या वेळाने, आम्ही न विचारता, ती हळूच म्हणाली, ‘देअर इज नो रोप.’ ‘देअर’ नंतर किंचित थांबली, आणि ‘नो’ च्या आधी तिची नजर पुन्हा एकदा चित्राकडे जाऊन आली.

एसटीची वेळ झाली तेव्हा आम्ही दोर काढायला खडू उचलला होता. तो तसाच ठेवून दिला. ते चित्र आम्ही अजून वापरतो, आणि त्यात दोर अजूनही काढलेला नाही.